दवाखान्यासाठी पगारावर उचल मागायची आहे? पत्र असं लिहा

कंपनीकडे उचल मागण्याची पत्रं माझ्या टेबलावर नेहमी येतात, कारण पगारपत्रक माझ्याकडे असतं. त्यातली बरीचशी पत्रं वाचून पोटात कालवतं, पण त्यावर काही करता येत नाही. दोन पानं भरून घरची परिस्थिती असते; किती रुपये हवेत, कधीपर्यंत हवेत आणि कोणत्या महिन्यापासून किती कापायचे, हे मात्र कुठेच नसतं. साहेब पत्रावर ‘चर्चा करा’ असा शेरा मारतात आणि पत्र परत खाली येतं. तिकडे दवाखान्यात डिपॉझिटसाठी तगादा चालू असतो.

उचलीचं पत्र दोन माणसं वाचतात. मंजूर करणारा साहेब पहिला, आणि दर महिन्याला कपातीची नोंद करणारा अकाउंट्सचा माणूस दुसरा. साहेबांना कारण पटवायला तीन-चार ओळी पुरतात. दुसऱ्याला आकडे आणि महिने लागतात. पुढे त्रास होतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या भागात ढिलाई राहिल्यामुळे, म्हणून या लेखातही जास्त जागा त्यालाच दिली आहे.

हे सगळं खासगी कंपनीत, कारखान्यात, दुकानात किंवा संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वैद्यकीय अग्रिम आणि खर्चाची प्रतिपूर्ती यांचे ठरलेले नियम आणि नमुने असतात; त्यांनी आपल्या आस्थापना शाखेतच विचारावं.

पत्राआधी तासाभराचं काम

कंपनीत पहिला प्रश्न हाच येतो: ‘विमा नाही का?’ त्याचं उत्तर तयार ठेवा. तुमचा पगार महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर तुमच्यावर आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांवर ईएसआयसीच्या दवाखान्यात उपचार होतात. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल तर त्यात आई-वडील आहेत का, हे एचआरला विचारा. पुष्कळ पॉलिसींत फक्त नवरा-बायको आणि मुलं असतात. रुग्ण पॉलिसीत असेल तर अचानक दाखल केल्याची खबर विमा कंपनीला किंवा तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएला साधारणपणे 24 तासांच्या आत द्यावी लागते. धावपळीत हे हमखास राहून जातं.

महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात, पण ते योजनेतल्या दवाखान्यातच. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारता येतं. पीएफमधूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात, आई-वडिलांच्या उपचारासाठीसुद्धा. मात्र ते खात्यात पडायला काही दिवस जातात आणि म्हातारपणची पुंजी तेवढी कमी होते. यातलं काय करून पाहिलं आणि काय जमलं नाही, ते पत्रात एका वाक्यात आलं की प्रश्नोत्तरांची एक फेरी वाचते.

मग दवाखान्याकडून अंदाजपत्रक घ्या. बिलिंगच्या खिडकीवर ‘एस्टिमेट द्या’ म्हटलं की देतात. ते लेटरहेडवर, शिक्क्यासह असावं. रुग्णाचं नाव, दाखल केल्याची तारीख, काय उपचार होणार आणि अंदाजे किती खर्च हे त्यात हवं. चिठ्ठीवर पेनाने लिहून दिलेला आकडा चालत नाही. त्याच वेळी दवाखान्याच्या बँक खात्याचे तपशीलही मागून ठेवा. ते का, ते पुढे येईलच.

किती मागायचे आणि हप्ता किती ठेवायचा

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक जण स्टोअरकीपर आहे, नोकरी सहा वर्षांची. आई 9 जुलै 2026 च्या रात्री बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या दवाखान्यात दाखल केलं आहे, सोमवारी म्हणजे 13 जुलैला ऑपरेशन ठरलं आहे. दवाखान्याचं अंदाजपत्रक 1,40,000 रुपयांचं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई नाही. दवाखाना जनआरोग्य योजनेत नाही आणि आईला इथून हलवू नका असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. स्वतःकडे 35,000 रुपये आहेत, भाऊ 45,000 देतो आहे. उरले 60,000.

मागायचे ते हेच 60,000. ‘कापतील थोडे’ म्हणून 80,000 मागू नका. अंदाजपत्रक आणि तुमची मागणी शेजारी ठेवल्यावर मधला फरक कसा भरणार हे दिसलं नाही, तर मंजूर करणाऱ्याच्या मनात शंका येते. शिवाय जास्त घेतलेला प्रत्येक रुपया तुमच्याच पगारातून परत जाणार असतो.

आता हप्ता. खरी गोम इथेच आहे, म्हणून मागच्या महिन्याची सॅलरी स्लिप समोर ठेवा. आपल्या स्टोअरकीपरचा एकूण पगार 32,000. त्यातून पीएफ 1,800, व्यवसाय कर 200 आणि कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता 3,000 जातो. हातात 27,000 येतात. घरखर्चाचा हिशेब असा: भाडं 7,500, दुचाकीचा हप्ता 2,600, किराणा-दूध-गॅस 6,500, मुलांची शाळा आणि रिक्षा 2,200, वीज आणि मोबाइल 1,200. झाले 20,000. आता आईची औषधं आणि घरी येणारी फिजिओथेरपी यांचे महिन्याला 1,500 धरा. हा खर्च पुष्कळ जण विसरतात. ऑपरेशन झालं की खर्च संपला असं वाटतं, पण चार-सहा महिने तरी तो चालू असतो. 27,000 मधून 21,500 गेले, उरले 5,500. म्हणजे जास्तीत जास्त 5,500 कापून घेता येतील. 5,000 चा हप्ता धरला तर 60,000 रुपये 12 महिन्यांत फिटतात आणि हातात 500 रुपये तरी राहतात.

कंपनी म्हणेल, सहा महिन्यांत फेडा. मग हप्ता 10,000 होतो. पगारातून होणारी एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त असू नये, असा कायदा आहे. आधी वेतन अदायगी कायद्यात हे होतं, आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. 10,000 चा हप्ता धरून एकूण कपात 15,000 होते, म्हणजे 32,000 च्या निम्म्याच्या, 16,000 च्या, आतच. कंपनी कायद्याने बरोबर असते, पण तुमच्या घरात दर महिन्याला 4,500 चा खड्डा पडतो. तिसऱ्या महिन्यात तुम्ही दुसरीकडून व्याजाने पैसे उचलता आणि चौथ्या महिन्यात ‘या वेळी हप्ता कापू नका’ म्हणून माझ्याकडे येता. म्हणून कायद्याची मर्यादा बघून हप्ता ठरवू नका, घरच्या हिशेबाने ठरवा, आणि तो हिशेब बोलणी होताना खिशात ठेवा. पत्राला जोडायची मात्र गरज नाही. दूध किती घेता हे कंपनीला कशाला कळायला हवं?

पहिला हप्ता कोणत्या महिन्यात पडतो, हेही याच वेळी ठरवायचं. आईच्या ऑपरेशनसाठी हा माणूस जुलैमध्ये दहा दिवस रजेवर असणार. शिल्लक रजा सहाच आहेत, म्हणजे चार दिवस बिनपगारी. 32,000 भागिले 31 दिवस, गुणिले चार. सुमारे 4,100 रुपये पगार कमी येणार. (काही कारखान्यांत 26 ने भागतात, तिथे खड्डा आणखी मोठा.) पीएफही त्या प्रमाणात थोडा कमी कापला जाईल, तरी जुलैचे हातात येणार जेमतेम 23,000. त्यातून 5,000 चा हप्ता गेला तर 18,000 उरतात आणि घरखर्च 21,500 चा. पहिल्याच महिन्यात गाडी घसरते. म्हणून पत्रात हप्ता ऑगस्टच्या पगारापासून मागायचा.

आधी फोन, मग पत्र

तातडीच्या वेळी पत्राने बातमी कळवू नका. आधी आपल्या सुपरवायझरला किंवा विभागप्रमुखाला फोन करा. उचलला नाही तर व्हॉट्सॲप टाका. एवढा मजकूर पुरे:

> साहेब नमस्कार. काल रात्री आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलंय. दवाखान्यात ॲडमिट केलंय, सोमवारी ऑपरेशन आहे. आज कामावर येऊ शकत नाही, रजेचा अर्ज पाठवतो. 60,000 रुपये कमी पडतायत, कंपनीकडून उचल मिळाली तर बरं होईल. एस्टिमेट आणि पत्र दुपारपर्यंत पाठवतो. एचआरच्या मॅडमशी एकदा बोलाल का?

आपल्या साहेबांना डावलून पत्र थेट एचआरकडे किंवा मालकांकडे गेलं की एचआर पहिला फोन साहेबांनाच करतं, आणि त्यांना काही माहीत नसेल तर त्यांचा सूर बदलतो. त्यामुळे पत्रावर ‘मार्फत’ लिहून त्यांचं पद घाला.

पत्राचा नमुना

> दिनांक: 10 जुलै 2026
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक,
> मनुष्यबळ विभाग,
> (कंपनीचे नाव), भोसरी, पुणे
>
> मार्फत: मा. विभागप्रमुख, स्टोअर्स
>
> विषय: आईच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी 60,000 रुपयांची उचल मिळणे व ती मासिक वेतनातून 12 हप्त्यांत वळती करून घेणेबाबत
>
> महोदया,
>
> मी स्टोअर्स विभागात स्टोअरकीपर म्हणून सहा वर्षांपासून काम करीत आहे (कर्मचारी क्रमांक ……). माझी आई दि. 9 जुलै रोजी रात्री घरात पडल्याने तिच्या खुब्याचे हाड मोडले असून ती (दवाखान्याचे नाव) येथे दाखल आहे. दि. 13 जुलै रोजी शस्त्रक्रिया ठरली आहे.
>
> दवाखान्याने 1,40,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यापैकी 80,000 रुपयांची सोय मी व माझ्या भावाने केली आहे. कंपनीच्या आरोग्य विम्यात आईचा समावेश नाही, तसेच हा दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाही. त्यामुळे 60,000 रुपये (अक्षरी रुपये साठ हजार) कमी पडत आहेत.
>
> ही रक्कम मला बिनव्याजी उचल म्हणून मिळावी, ही विनंती. रक्कम दि. 13 जुलै रोजी सकाळी 10 वाजेपर्यंत लागणार आहे. ती थेट दवाखान्याच्या बँक खात्यात जमा केली तरी चालेल. खात्याचा तपशील सोबत जोडला आहे.
>
> परतफेडीबाबत: माझ्या वेतनातून दरमहा 5,000 रुपये याप्रमाणे 12 समान हप्ते कापून घ्यावेत. पहिला हप्ता ऑगस्ट 2026 च्या वेतनातून (जे 7 सप्टेंबरपर्यंत जमा होते) व शेवटचा हप्ता जुलै 2027 च्या वेतनातून कापावा. जुलै 2026 मध्ये माझ्या काही रजा बिनपगारी होणार असल्याने त्या महिन्यात हप्ता घेऊ नये, ही विनंती. या कपातीस माझी संमती आहे.
>
> प्रत्यक्ष बिल अंदाजपत्रकापेक्षा कमी झाल्यास उरलेली रक्कम मी लगेच परत करीन. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास शिल्लक रकमेचा हिशेब माझ्या अंतिम देयकात करण्यास माझी हरकत नाही. अंतिम बिलाची प्रत डिस्चार्जनंतर सादर करीन.
>
> कृपया मंजुरी लेखी कळवावी.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> (नाव, मोबाइल क्रमांक)
>
> सहपत्रे: 1. दवाखान्याचे अंदाजपत्रक 2. दाखल केल्याचा कागद 3. दवाखान्याच्या बँक खात्याचा तपशील

साहेबांना मराठी येत नसेल किंवा कंपनीचा कारभार इंग्रजीत असेल तर पत्र इंग्रजीत द्या, क्रम हाच ठेवा.

यातल्या काही ओळी अशा का लिहिल्या

विषयाच्या ओळीत रक्कम आणि हप्त्यांची संख्या दोन्ही आहेत. मोठे साहेब बहुधा विषय वाचूनच पत्र खाली पाठवायचं की सही करायची ते ठरवतात. ‘आर्थिक मदत मिळणेबाबत’ असा विषय लिहिला तर ते पत्र मदतनिधीच्या अर्जांत जाऊन बसतं आणि पैसे परत येणार आहेत, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आजाराचं वर्णन दोन वाक्यांचं आहे. हाड मोडलं, शस्त्रक्रिया आहे, एवढं पुरे. स्वतःचा किंवा बायकोचा आजार असेल आणि तो चारचौघांत जावा असं वाटत नसेल, तर ‘शस्त्रक्रियेसाठी दाखल’ एवढंच लिहा आणि वैद्यकीय कागद बंद पाकिटात फक्त एचआरला द्या. पत्र तीन टेबलांवरून फिरतं, हे ध्यानात असू द्या.

80,000 ची सोय आपण केली आहे, हे वाक्य विनवणीच्या चार ओळींपेक्षा जास्त काम करतं. आपल्या बाजूने काय केलं ते दिसलं की उरलेल्याची मागणी वाजवी वाटते. ‘आपणच माझे मायबाप’ छापाचं काही लिहू नका. मंजूर करणारा ते वाचून अवघडतो, आणि तुम्ही काही भीक मागत नाही आहात. पुढच्या वर्षभराच्या तुमच्याच पगारातून ही रक्कम जाणार आहे.

पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरा, असं म्हटल्याने कंपनीची एक मोठी शंका आपोआप मिटते. उचलीचे पैसे दुसरीकडेच गेल्याची उदाहरणं प्रत्येक कंपनीत असतात आणि त्याचा भुर्दंड पुढच्या खऱ्या गरजवंताला पडतो. थेट भरणा केला तर पावती तुमच्या आईच्या नावाने निघाली आहे का, एवढं बघून घ्या. बिलिंगला कंपनीच्या नावाने पैसे आले की ते कोणत्या रुग्णाचे, यावर गोंधळ उडतो. म्हणून दवाखान्याने दिलेला नोंदणी क्रमांक खात्याच्या तपशिलासोबत लिहा आणि भरणा करताना तो शेऱ्यात टाकायला सांगा.

आता परतफेडीचा परिच्छेद. ‘ऑगस्टपासून कापा’ एवढंच लिहिलं तर त्याचे दोन अर्थ होतात. जुलैचा पगार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमा होतो, म्हणून कोणी त्यातूनच हप्ता कापेल. कोणी ऑगस्टचा पगार धरेल. म्हणून कोणत्या महिन्याचं वेतन आणि ते कधी जमा होतं, दोन्ही लिहायचं. पहिल्यासोबत शेवटचा महिनाही लिहायचा. पगाराचं पत्रक बनवणारा माणूस वर्षात बदलू शकतो. त्याला पत्र वाचून कपात कधी बंद करायची ते कळलं पाहिजे.

‘बिनव्याजी’ हा शब्द तुमच्या कंपनीचं धोरण पाहून लिहा किंवा गाळा. बऱ्याच लहान कंपन्या उचलीवर व्याज घेत नाहीत. काही मोठ्या कंपन्यांत कर्ज म्हणून थोडं व्याज लागतं. तिथे ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असं लिहावं. बिनव्याजी किंवा कमी व्याजाच्या मोठ्या रकमेवर वाचलेलं व्याज करपात्र सुविधा म्हणून तुमच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. कर्करोगासारख्या ठरावीक गंभीर आजारांच्या उपचाराला त्यातून सूट असते, मात्र विम्यातून परत मिळालेल्या रकमेला ती नाही. आपल्या स्टोअरकीपरच्या पगारावर कर बसतच नाही, त्यामुळे त्याला यात डोकं घालायचं कारण नाही. ज्यांचा टीडीएस कापला जातो त्यांनी अकाउंट्सला विचारून दवाखान्याची बिलं जपून ठेवावीत.

आणखी एक. हप्त्यांनी फिटणारी उचल म्हणजे पुढच्या महिन्यांचा पगार आधी घेणं नव्हे, आणि पत्रात या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका. ‘दोन महिन्यांचा पगार आगाऊ द्यावा’ असं लिहिलंत तर अकाउंट्स ते शब्दशः घेऊ शकतं: पुढचे दोन महिने पगार शून्य. कराच्या हिशेबातही आगाऊ घेतलेला पगार त्याच वर्षाचं उत्पन्न धरला जातो.

मंजुरी आली की काय बघायचं

मंजुरी ईमेलवर आली किंवा पत्रावर शेरा-सही झाली, तर त्याचा फोटो काढून ठेवा. रक्कम, हप्ता आणि सुरुवातीचा महिना तुमच्या पत्राप्रमाणेच आहे का, ते तपासा. साहेब कधीकधी ‘मंजूर, 10 हप्ते’ असा शेरा मारतात आणि हप्ता 6,000 होतो. आपल्या उदाहरणात 5,500 हीच वरची मर्यादा होती, म्हणजे 6,000 झेपणार नाहीत. हे तिथल्या तिथे सांगा. पैसे घेतल्यानंतर महिन्याने सांगितलं तर ते शब्द फिरवल्यासारखं दिसतं. रक्कमच कमी मंजूर झाली, समजा 40,000, तर हप्ता 5,000 ठेवून महिने आठ करून घ्या, आणि उरलेल्या 20,000 साठी पतसंस्थेच्या तातडीच्या कर्जाची चौकशी त्याच दिवशी करा.

लहान ठिकाणी मालक व्हाउचरवर सही घेऊन रोख देतात. त्यात वाईट काही नाही, फक्त व्हाउचरवर रक्कम आणि कारण लिहिलेलं असू द्या आणि त्याचाही फोटो घ्या. कोऱ्या कागदावर किंवा रक्कम न लिहिलेल्या चेकवर मात्र सही करू नका. कोणी मागितलाच तर नम्रपणे म्हणा, ‘साहेब, पत्रातच कपातीला संमती दिली आहे, त्यावर रक्कम आणि हप्ते लिहिलेले आहेत. हवं तर त्याच मजकुराचा करार करू.’

पगारातून हप्ता कापायला लागल्यावर दर महिन्याला सॅलरी स्लिपवर तीन गोष्टी पाहा. कपातीच्या रकान्यात ‘ॲडव्हान्स’ किंवा ‘लोन’ नावाची वेगळी ओळ आहे का; तिथे बरोबर 5,000 आहेत का; आणि शिल्लक दाखवत असतील तर ती कमी होते आहे का. पैसे कमी जमा झाले आणि स्लिपवर मात्र ओळच नाही, असं दिसलं तर त्याच आठवड्यात ईमेल करा. नोंद न होता कापलेला हप्ता वर्षाअखेरीस सिद्ध करायचा म्हटलं तर नाकी नऊ येतात. फेब्रुवारीत हातात 100 रुपये कमी आले तर घाबरू नका: महाराष्ट्रात त्या महिन्याचा व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापतात.

दिवाळीच्या बोनसवरही लक्ष ठेवा. काही ठिकाणी न विचारता उरलेली सगळी उचल बोनसमधून वळती करतात. पत्रात ‘मासिक वेतनातून’ असे शब्द आहेत, तेच दाखवायचे. तुम्हालाच बोनसमधून जास्त फेडायचं असेल तर एक ओळ लिहून द्या, आणि त्यामुळे हप्ता कमी होणार की महिने कमी होणार, तेही त्याच ओळीत लिहा.

बिलाचंही एक काम उरतं. समजा, डिस्चार्जच्या वेळी अंतिम बिल 1,28,000 झालं. वाचलेले 12,000 पत्रात लिहिल्याप्रमाणे लगेच कंपनीला परत करा आणि हप्ता 5,000 च ठेवायला सांगा. उरलेले 48,000 नऊ हप्त्यांत 45,000 आणि दहाव्यात 3,000 असे फिटतील, म्हणजे शेवटचा हप्ता मे 2027 च्या वेतनातून. हे बदललेलं वेळापत्रक ईमेलवर लिहून घ्या. पगारपत्रकात आधीचे बारा महिने भरलेले असतात आणि कोणी बदलले नाहीत तर ते तसेच चालू राहतात.

नोकरी बदलायची वेळ आली तर राजीनामा देण्याआधी शिल्लक किती ते विचारून घ्या. वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत थकलेलं वेतन द्यायचं असतं, त्यामुळे उचलीचा हिशेबही त्याच घाईत होतो. शेवटच्या महिन्याच्या पगारात उरलेली रक्कम बसत नसेल तर किती जमा करायची आणि कधी, हे नोटीस पिरियडमध्येच ठरवा. नाहीतर अनुभवपत्र अडकतं आणि नव्या नोकरीत ते मागतात तेव्हा पुन्हा जुन्या एचआरच्या दारात उभं राहावं लागतं.

शेवटचा हप्ता कापला गेला की अकाउंट्सला एक ओळ पाठवा: ‘माझी 60,000 रुपयांची उचल पूर्ण फिटली आहे, कृपया नोंद बंद करून तसे कळवावे.’ उत्तर आलं तरी त्यापुढच्या महिन्याची स्लिप उघडून बघा. संगणकावर नोंद बंद करायची राहिली की एक जादा हप्ता निमूटपणे कापला जातो, आणि तो परत मिळायला पुढच्या पगाराची वाट पाहावी लागते.